फेसकाकांची हद्दवाटणी

फेसकाकांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकच पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि त्या एका पत्रापायी दोन व्याही एकमेकांच्या उरावर बसले. बाकीची सगळी नोकरी त्यांनी तोंडावर निभावली होती. ऑर्डर तोंडी, तक्रार तोंडी, माफी तर तोंडीच. लिहायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. पण त्या दिवशी कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काका, दोन ओळी खरडून द्या हो, त्यात काय एवढं?" आणि काकांनी खरडल्या.

कंपनी म्हणजे कपडे धुण्याच्या साबणाची. कारखाना फार मोठा नाही. चार-पाच तालुक्यांत वडी खपते, त्यापुढे कुणी ओळखत नाही. काका त्या कंपनीचे फिरते विक्रेते. खांद्याला पिशवी, पिशवीत एक स्टीलचा वाडगा. दुकानात शिरायचं, पाणी मागायचं, वाडग्यात वडी दोनदा फिरवायची आणि फेस थेट दुकानदाराच्या नाकापर्यंत न्यायचा. "बघा! आहे का दुसऱ्या कुणात एवढा फेस?" यावरूनच त्यांना फेसकाका नाव पडलं. त्यांच्या बायकोच्या मते हे नाव फेसावरून नाही, बोलता बोलता तोंडाला फेस येईपर्यंत थांबत नाहीत म्हणून पडलं. असो. तो त्यांच्या घरातला मामला आहे.

तर पत्र. नऊ वर्षांपूर्वी कंपनीने या भागात दोन वितरक नेमले. म्हणजे कंपनीकडून पेट्यांनी माल उचलायचा, गोदामात ठेवायचा आणि टेम्पोने दुकानादुकानात पोचवायचा, हे काम करणारे. पहिले अण्णा. त्यांचं गोदाम बाजारपेठेत, पुलाच्या या टोकाला. दुसरे तात्या. त्यांचं गोदाम पुलाच्या त्या टोकाला, जिथे तेव्हा वीटभट्टी आणि दोन-चार टपऱ्या सोडून काही नव्हतं. काका बाजारपेठेतल्या चहाच्या टपरीवर बसले, वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'पुलाच्या अलीकडचा भाग पहिल्या वितरकाकडे. पुलाच्या पलीकडचा भाग दुसऱ्या वितरकाकडे.' खाली सही. एक प्रत याला, एक त्याला. झालं काम! चहाही संपला नव्हता.

सात वर्षं कुणी ते पत्र उघडूनसुद्धा पाहिलं नाही. अण्णा बाजारपेठ सांभाळायचे, तात्या पलीकडच्या टपऱ्या. दोघांचं इतकं गूळपीठ जमलं की फेसकाकांनीच मध्यस्थी करून अण्णांची मुलगी तात्यांच्या मुलाला दिली. सूनबाई हुशार. सासरच्या गोदामात सकाळी बिलं तीच करते, आणि अण्णांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही म्हणून दुपारी माहेरच्या गोदामात जाऊन तिथलीही बिलं तीच करते. माझ्या मते सगळ्या प्रकरणात शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

मग दोन गोष्टी झाल्या. वीटभट्टी गेली आणि तिथे भली मोठी वसाहत उठली. घरं आली तसे कपडे आले, कपडे आले तसा साबण आला. आणि बाजारपेठेतलं भाडं परवडेना म्हणून अण्णांनी आपलं गोदाम उचलून पुलाच्या त्या टोकाला नेलं, तात्यांच्या गोदामापासून हाकेच्या अंतरावर. सगळं सामान हलवताना कपाटातून काय निघालं? काकांचं पत्र.

अण्णांनी ते नव्या गोदामात उभं राहून वाचलं. 'पुलाच्या अलीकडचा भाग पहिल्या वितरकाकडे.' अण्णांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. अलीकडचा भाग म्हणजे मी उभा आहे तो. म्हणजे ही सगळी वसाहत आपली की! आणि बाजारपेठ? ती तर आधीपासून आपलीच होती, ती कोण सोडतो. दुसऱ्या दिवशी अण्णांचा टेम्पो वसाहतीत शिरला.

तात्यांनीही कपाट उघडलं. 'पलीकडचा भाग दुसऱ्या वितरकाकडे.' ते आपल्या दारात उभे राहिले. इथून पलीकडचं म्हणजे पुलापल्याड, म्हणजे बाजारपेठ! ठीक आहे, व्याहीबुवा, तुम्ही शब्दावर जाताय ना, मग आम्हीही जातो. तात्यांचा टेम्पो बाजारपेठेत शिरला.

आता हे व्याही, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. पुलावर टेम्पोला टेम्पो आडवा आला की दोघं काच खाली करायचे. "काय व्याहीबुवा, बरं आहे ना?" "कृपा आहे तुमची." काच वर. आणि मग एकमेकांच्या दुकानात भाव पाडायला मोकळे.

भाव पाडायचा म्हणजे कसा, तेही सांगतो. वितरकाला कंपनीकडून शेकडा सहा मार्जिन. त्या सहातून टेम्पोचं डिझेल, गोदामाचं भाडं, माणसांचा पगार आणि बुडीत उधारी सगळं भागवायचं, उरेल ते आपलं. अण्णांनी सहातले दोन दुकानदाराला सोडले. तात्यांनी अडीच सोडले. अण्णांनी तीन. तात्यांनी साडेतीन आणि वर एक प्लास्टिकची बादली. उधारीचंही तेच. आधी दुकानदाराला सात दिवसांची मुदत असायची. ती चौदा झाली, मग एकवीस, मग 'द्या हो सवडीने'. आणि कंपनी मात्र या दोघांना पंधराव्या दिवशी पैसे मागणार, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

ही सगळी चढाओढ एकाच बाईच्या हातून कागदावर उतरत होती. सकाळी सूनबाई सासऱ्यांच्या बिलावर अडीच लिहायची, दुपारी वडिलांच्या बिलावर तीन. याचं त्याला तिने कधी सांगितलं नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "अण्णा काय देतायत गं सध्या?" तर म्हणाली, "आशीर्वाद."

दुकानदारांची तर चंगळच चंगळ. पण वर्षभरात दोघांचेही कंपनीकडचे पैसे थकले. एका बुधवारी मालकीणबाईंनी काकांना बोलावून घेतलं. टेबलावर ते वहीचं पान होतं.

"काका, हे काय लिहिलंय?"

"हद्द, बाई."

"अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे?"

काकांनी सरळ उत्तर दिलं, "माझ्या. मी टपरीवर बसलो होतो ना."

बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्या शांतपणे बोलल्या, आणि त्या शांतपणे बोलल्या की काकांची पाचावर धारण बसायची. दोन्ही वितरक काढून टाकायचे. बाहेरचा एक मोठा वितरक तयार आहे, सगळा भाग एकटा घेईल, रोख पैसे भरेल, स्वतःचे विक्रेते आणेल. "तुमची लाइन मग बंद. तुम्ही ऑफिसात बसा, तक्रारीचे फोन घ्या. निवृत्तीला तीन वर्षं तर राहिलीत."

लाइन म्हणजे काकांचा रोजचा रस्ता. सोमवारी बाजारपेठेच्या तीन गल्ल्या, मंगळवारी धान्यबाजाराची बाजू, बुधवारी पूल ओलांडून आधी टपऱ्या, आता वसाहत. सव्वीस वर्षं तोच रस्ता, तीच दुकानं, तीच हुज्जत. काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांना काय होतं ते ही लाइन होती, आणि ती गेली तर आपण खुर्चीत बसून मरू, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी साबणावर ढकललं.

"शनिवारपर्यंत वेळ द्या. मी निस्तरतो."

"तोंडी नको," बाई म्हणाल्या. "हद्द, मार्जिन, उधारी, सगळं कागदावर. दोघांच्या सह्या. आणि त्यात अलीकडे-पलीकडे हा शब्द दिसला तर तो कागद मी तुम्हालाच भिजवायला लावीन, तुमच्या त्या वाडग्यात."

गुरुवारी काका आधी अण्णांकडे गेले. अण्णा पेट्यांच्या थप्पीवर बसून म्हणाले, "माझं काही म्हणणंच नाही. पत्र तुमचं, शब्द तुमचा. मी फक्त वाचतो." तात्यांकडे गेले, तर तात्या म्हणाले, "व्याह्यांचा मान मी राखणारच हो. पण बाजारपेठ सोडणार नाही." काकांनी एकाला सांगितलं, उत्तर-दक्षिण करू. त्याला दिशाच कळेनात. दुसऱ्याला सांगितलं, नदीचा उजवा काठ आणि डावा काठ. तात्या म्हणाले, "वर तोंड करून की खाली तोंड करून?" काका दाराबाहेर येऊन पायरीवर बसले. हात टेकले अक्षरशः.

तिथे सूनबाई आली. तिच्या हातात जाडजूड वही होती.

"काका, पूल सोडा. पुलाने काही साबण घेतलेला नाही. साबण घेतात दुकानं. दुकानांची यादी करा. हे दुकान याचं, हे त्याचं. संपला विषय."

"चारशे अकरा दुकानं आहेत."

"तुम्हाला पाठ आहेत ना?"

पाठ? काकांना दुखावल्यासारखं झालं. त्यांना एकेका दुकानाची पायरीसुद्धा पाठ होती, कुठली निसटती आहे ती. त्यांनी डोळे मिटले आणि बाजारपेठेच्या तोंडापासून मनानेच चालायला सुरुवात केली.

"लिही. पहिला, उद्या-या."

"काय?"

"उद्या-या. कधीही जा, म्हणतो उद्या या. दुसरा, डुलकी. तिसरा, सुटे-नाहीत. चौथा, कर्णा, हळू बोलणं त्याला माहीतच नाही. पाचवा, थोरला रुसका. सहावा, धाकटा रुसका, दोघं भाऊ, पण एकमेकांशी संबंध नाही."

"काका, पाटीवरचं नाव सांगा की."

"पाटी?" काकांनी डोळे उघडले. "पाटी कोण वाचतं?"

आणि हे खरं होतं. सव्वीस वर्षांत या माणसाने एकाही दुकानाची पाटी वाचली नव्हती. तो पायरी चढायचा तो माणसाकडे बघत.

सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि लिहायला लागली. दुपारपर्यंत शंभर झाली. मधे तिने पेन थांबवलं. "काका, एक सांगू का? आज हे सगळं तुमच्या डोक्यात आहे म्हणून तुम्हाला लोक विचारतात. उद्या कागदावर उतरलं की ही लाइन कुणीही करेल. बाई उद्या दुसरा माणूस ठेवतील आणि यादी त्याच्या हातात देतील."

काकांना हे सुचलंच नव्हतं.   न सांगावं तर शनिवारी दोन्ही घरं उठतात, आणि हिचं सासर-माहेर दोन्ही एकदम बसतं. शिवाय लग्न आपणच जुळवलेलं. ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायले, ओठ पुसले.

"एकशे एकावा," ते म्हणाले, "वजनकाटा."

शुक्रवारी संध्याकाळी चारशे अकरा झाली. मग सूनबाईने खरी गंमत केली. तिच्याकडे दोन्ही गोदामांच्या बिलांच्या वह्या होत्याच. प्रत्येक टोपणनावापुढे तिने दोन रकाने आखले. या माणसाचं अण्णांकडचं बिलाचं नाव, आणि तात्यांकडचं.

"सुटे-नाहीत कुठे बसतो?"

"औषधाच्या दुकानाला लागून. दारात निळं बाकडं."

तिने इकडची वही चाळली, तिकडची चाळली. अण्णांकडे तिथल्या दुकानाचं खातं एका बाईच्या नावावर. तात्यांकडे त्याच पत्त्यावर एका पुरुषाच्या नावावर.

"ती त्याची बायको," काका म्हणाले. "आणि तो मेहुणा. मेहुणा तर बाहेरगावी असतो. दुकानात हाच असतो दिवसभर, सुटे नाहीत सुटे नाहीत करत."

सूनबाईने दोन्ही वह्या पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतल्या.

शनिवारी सकाळी तात्यांच्या गोदामात बैठक बसली. खुर्च्या दोनच, म्हणून एका खुर्चीत मालकीणबाई, दुसरी रिकामी, कारण अण्णा आणि तात्या एकमेकांना "आपण बसा", "छे छे, आपण" करत शेवटपर्यंत उभेच राहिले. काका पेटीवर. सूनबाईने यादी बाईंपुढे ठेवली.

बाईंनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. "काका, 'भोकाड' म्हणजे काय?"

"माल महागला की रडतो, बाई."

"ही कंपनीची कागदपत्रं आहेत!"

"बाई, जरा पुढचे दोन रकाने बघा," सूनबाई म्हणाली. "बिलावरच्या नावांनी अण्णांकडे तीनशे नव्वद गिऱ्हाईकं आहेत आणि तात्यांकडे तीनशे ऐंशी. एकूण झाली सातशे सत्तर. काकांच्या नावांनी दुकानं भरतात चारशे अकरा. बरीचशी दोघांकडूनही माल घेतात, ते धरलंच. पण त्यातल्या त्रेपन्न जणांनी इकडे एक नाव दिलंय आणि तिकडे दुसरं. अण्णांची उधारी तुंबली की हे तात्यांकडे नव्या नावाने जातात. तात्यांनी तगादा लावला की अण्णांकडे तिसऱ्या नावाने. थकलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त पैसा या त्रेपन्न जणांकडे आहे."

 अण्णांनी हळूच यादी ओढून घेतली. "हा सुटे-नाहीत... हा मला म्हणाला, तात्यांचा माल मी दारात उभा करत नाही."

तात्या म्हणाले, "मला म्हणाला, अण्णांचं तोंड बघत नाही."

"मी त्याला बादली दिली हो!" तात्याच पुढे म्हणाले.

"मी पण दिली," अण्णा म्हणाले.

आणि दोघं व्याही वर्षभरात पहिल्यांदा एकाच माणसाला एकत्र शिव्या द्यायला लागले. फार बरं वाटलं ऐकून. इतकं जिव्हाळ्याचं बोलणं त्यांच्यात लग्नातही झालं नव्हतं.

मग कागद व्हायला वेळ लागला नाही. म्हणजे लागला, तीन तास लागले, पण भांडण सरळ झालं. दुकानं सारखी वाटायची असं अण्णा म्हणाले. सूनबाई म्हणाली, दुकानं नाही, पेट्या मोजा, वसाहतीत दुकानं कमी पण खप जास्त. मोजल्या. बाजारपेठ अण्णांची, वसाहत तात्यांची, आणि तरीही तात्यांच्या पेट्या कमी भरत होत्या म्हणून धान्यबाजाराच्या दोन गल्ल्याही तात्यांच्या. अण्णा कुरकुरले, की गोदाम इकडे आणि दुकानं तिकडे, मी रोज पूल ओलांडू का? बाई म्हणाल्या, "गोदाम तुम्ही हलवलंत अण्णा, बाजारपेठ नाही हलवली." मार्जिन सहाच, पण चार बिलावर आणि दोन महिनाअखेर, तेही दुसऱ्याच्या यादीतल्या दुकानात एक पेटीही गेली नसेल तर. कुणाची पेटी गेली ते कळणार कसं, तर पेटीवर वितरकाचा शिक्का. उधारी सात दिवस, एका दुकानाला एकच खातं, आधीचं बिल फिटल्याशिवाय पुढची पेटी नाही.

"आणि उद्या हा सुटे-नाहीत सासूच्या नावाने आला तर?" बाईंनी विचारलं. "बाहेरून आणलेल्या माणसाला ते कसं कळणार?"

"त्याला नाही कळायचं," सूनबाई म्हणाली. तिने काकांकडे पाहिलंही नाही. "त्याला बिलावरचं नाव दिसेल. माणूस ओळखायचा तर लाइनवर काकाच लागतील. दर महिन्याला यादी तपासायला."

बाईंनी यादी परत चाळली.  मग पेन मागितलं. "बाहेरच्याला मी 'नको' म्हणून कळवते. काका, लाइन तुमची. तीन वर्षं. पण पत्रं लिहायची नाहीत."

काका उठले आणि त्यांनी सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला. तिने वही मिटली.

आता इथे संपायला हवं होतं. पण कंपनीच्या ऑफिसात संगणकावर बसणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना यादी मिळाली, आणि 'दुकानाचे नाव' या रकान्यात जे होतं ते त्यांनी इमानेइतबारे जसंच्या तसं चढवलं. सोमवारी दोन्ही टेम्पो निघाले. प्रत्येक दुकानदाराच्या हातात छापील बिल पडलं, आणि वर ठळक अक्षरात: श्री. डुलकी. श्री. भोकाड. श्री. रुसका (थोरला).

सकाळी साडेआठपासून काकांचा फोन वाजायला लागला. बायको म्हणाली, "आज आजारी पडा." काकांच्या मनात तेच होतं. पण ज्या लाइनसाठी एवढं केलं, तिच्यावर पहिल्याच दिवशी नाही जायचं? ते पिशवी घेऊन निघाले, देवाचं नाव घेत, भिंतीच्या कडेकडेने.

डुलकी टक्क जागा होता. म्हणाला, "सव्वीस वर्षं झोपलेल्या माणसाला माल विकलात होय?" कर्णाने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "मी मोठ्याने बोलतो?" उद्या-याने त्यांना दारातच सांगितलं, "आज या, आत्ता या, बसा इथे!" आणि अर्धा तास झापलं. थोरला रुसका बोललाच नाही, पण तो कधीच बोलत नसे. धाकट्याने मात्र विचारलं, "त्याचं बिलही असंच आलंय का?" आणि हो म्हटल्यावर इतका खूश झाला की चार पेट्या जास्त घेतल्या. सुटे-नाहीतने दोन्ही खात्यांची मागची बाकी काकांसमोर टाकली, सगळी नाण्यांत, आणि म्हणाला, "मोजा." काकांनी मोजली. पुरती भरली.

दुपारपर्यंत काकांच्या लक्षात आलं की लोक ओरडतायत खरे, पण ऑर्डर कुणी बंद केलेली नाही. उलट एकमेकांची नावं विचारायला त्यांना दारात अडवतायत. त्यांचा जीव भांड्यात पडला. चाल सुधारली. ते भिंतीची कड सोडून रस्त्याच्या मधून चालायला लागले.

बुधवारी ते वसाहतीत गेले. शेवटच्या गल्लीत एक दुकान आहे. एक वयस्क बाई चालवतात. वसाहतीच्या आधी त्यांची इथेच टपरी होती. दर बुधवारी अर्धी पेटी, पैसे तिथल्या तिथे, ना घासाघीस ना उधारी. काका आत जायचे, अर्धी पेटी लिहायचे आणि तसेच बाहेर पडायचे. फेससुद्धा कधी दाखवला नव्हता.

आज बाईंनी अर्धी पेटी सांगितली नाही. त्यांनी बिल पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं: 'शेवटच्या गल्लीतले दुकान'.

"शेजारणीचं बिल बघितलं मी," बाई म्हणाल्या. "ती 'हिशेबमावशी'. समोरचा 'घाईत'. त्या पंक्चरवाल्याच्या भावाचं दुकान चार महिन्यांचं, त्यालासुद्धा नाव आहे."

"अहो आक्का, ती काही चांगली नावं नाहीत..."

"नसू देत की." त्यांनी बिलाची घडी घातली, परत उलगडली. "सोळा वर्षं येता तुम्ही माझ्याकडे. सोळा वर्षांत तुमच्या लक्षात राहावं असं मी एकदाही काही केलं नाही का हो?"

 काकांनी डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं. सोळा वर्षांतल्या सगळ्या बुधवारांमधून त्यांना या बाईंचा आवाजसुद्धा आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"आक्का," ते म्हणाले, "जरा पाणी द्याल का? आणि घाई नसेल तर बोला काहीतरी. मी आज गप्प बसतो."